दहाची गोळी आणि दहाची गोळी

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आमच्या गिरगावच्या चाळीचा जिना वाजला, की पाऊल कोणाचं आहे ते मी बसल्या जागी ओळखतो. त्या रविवारी पाऊल आप्पांचं होतं. आप्पा माझे साडू. राहायला लालबागला. गिरणीत होते तेव्हा तिसऱ्या पाळीला जायचे, आणि गिरण्या थंडावल्यावर एका सोसायटीत रखवालदारी करून त्यांनी दोन मुलांची शिक्षणं पुरी केली. गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या छातीत कळ आली, परळच्या रुग्णालयात नेलं, एक स्टेंट बसला आणि आठवड्याभरात माणूस घरी आला. तेव्हापासून त्यांच्या खांद्याला एक कापडी पिशवी असते. पिशवीत गोळ्यांच्या स्ट्रिपा, रिपोर्ट आणि औषधांची बिलं.

माझं आयुष्य दादरला प्लाझाच्या मागच्या बाजूला एका औषधाच्या दुकानात काउंटरमागे गेलं. फार्मसीची पदविका घेतली आणि तीसेक वर्षं तिथेच उभा राहिलो. त्यामुळे नात्यागोत्यातली आणि चाळीतली औषधांची पिशवी आधी माझ्याकडे उघडते, मग डॉक्टरकडे. मी डॉक्टर नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. पण स्ट्रिपच्या पाठीमागे काय छापलंय ते वाचता येतं, आणि पुष्कळदा तेवढ्यानंच काम भागतं.

आप्पांनी चहा संपवला आणि विजयी मुद्रेनं दोन स्ट्रिपा टेबलावर ठेवल्या. “भाऊ, महिन्याला सहाशे रुपये वाचवले.”

झालं होतं ते असं. डॉक्टरांनी त्यांना कोलेस्टेरॉलसाठी रोसुवास्टॅटिन २० मिलिग्रॅम लिहून दिलं होतं. गोळी महाग पडत होती. तळमजल्यावरच्या मास्तरांनाही कोलेस्टेरॉलचीच गोळी होती, ॲटोरवास्टॅटिन १० मिलिग्रॅमची, आणि ती फारच स्वस्त होती. दोघांची चर्चा झाली. मास्तर म्हणाले, “दोन्ही स्टॅटिनच की! नाव सोडून फरक काय?” वीसच्या जागी दहाची घेतली तर थोडं कमी होईल एवढं आप्पांनाही कळत होतं, पण आता बरं वाटतंय, मग थोडं कमी चालेल असा त्यांचा हिशोब. तीन महिने ते मास्तरांची गोळी घेत होते. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या वेगळ्या होत्या, त्या त्यांनी सोडल्या नव्हत्या, हे त्यांचं आणि आमचं नशीब.

“आणि रिपोर्ट?” मी विचारलं.

रिपोर्टही त्यांनी आणला होता. एलडीएल ८२. शेजारी प्रयोगशाळेनं छापलं होतं, शंभरच्या खाली उत्तम. आकडा ठळक नाही, पुढे चांदणी नाही. आप्पांच्या मते ते पास झाले होते.

मी पिशवीतला आधीचा रिपोर्ट काढला. झटका आला तेव्हा, कोणतीही गोळी सुरू नसताना, एलडीएल होतं १३०. रोसुवास्टॅटिन २० सुरू केल्यावर दोन महिन्यांनी ६२. आणि आता ८२. तिन्ही कागद ओळीनं मांडले आणि आप्पांना म्हटलं, “छापलेला शंभराचा आकडा विसरा. तो सर्वसाधारण माणसासाठी असतो. ज्याला झटका येऊन गेला, ज्याच्या रक्तवाहिनीत जाळी बसली, त्याचं एलडीएल निदान सत्तरच्या खाली आणि शक्यतो पंचावन्नच्या खाली ठेवा असं आजचे हृदयरोगतज्ज्ञ सांगतात. मास्तरांना झटका आलेला नाही. त्यांचा पेपर वेगळा, तुमचा वेगळा.”

इथे वाचकांसाठी थोडं मागे जायला हवं. एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे ते कण, जे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अडकून राहतात आणि तिथे थर धरतात. आपल्या शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल खाण्यातून येत नाही, ते शरीर स्वतः बनवतं, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. स्टॅटिन यकृतातल्या त्या कारखान्यातलं एक महत्त्वाचं यंत्र अडवतं. घरात माल कमी पडला की यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेऊ लागतं आणि रक्तातला आकडा उतरतो.

या औषधाचा उगम मोठा मजेशीर आहे. अकिरा एंडो नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं १९७०च्या सुमारास टोकियोतल्या एका औषध कंपनीत हजारो बुरश्या तपासायला घेतल्या. त्यांचा कयास असा की, जंतूंशी लढताना एखादी बुरशी त्यांचं कोलेस्टेरॉलसारखं द्रव्य बनवण्याचं काम अडवत असेल. सुमारे सहा हजार नमुने पाहून झाल्यावर, क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या निळसर बुरशीत १९७३ साली त्यांना हवं ते सापडलं. ते पहिलं द्रव्य बाजारात गोळी म्हणून आलंच नाही. पण त्याच घराण्यातलं लोवास्टॅटिन अमेरिकेत १९८७ साली मंजूर झालं, पाठोपाठ सिमवास्टॅटिन आणि प्रवास्टॅटिन आली. ॲटोरवास्टॅटिनला अमेरिकेत १९९६ साली परवानगी मिळाली आणि रोसुवास्टॅटिनला २००३ साली. शेवटची दोन पूर्णपणे प्रयोगशाळेत घडवलेली. एंडो २०२४ साली, नव्वदी पार करून वारले.

आता मुद्दा आकड्याचा. मिलिग्रॅम हे वजन आहे. औषधाचं बळ वेगळी गोष्ट. एक ग्रॅम मीठ आणि एक ग्रॅम लवंगी मिरची यांचा जिभेवरचा परिणाम सारखा नसतो, तसंच हे. स्टॅटिनचं बळ मोजायची पद्धत सोपी आहे: ती गोळी घेतल्यावर एलडीएल मूळच्या आकड्यापासून शेकडा किती उतरतं? चार निरनिराळी स्टॅटिनं एकमेकांसमोर उभी करून हेच पाहणारा एक मोठा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. स्टेलर हे त्याचं नाव. सुमारे चोवीसशे माणसं आणि सहा आठवडे. त्यातले दहा मिलिग्रॅमचे आकडे पाहा. प्रवास्टॅटिन १० नं एलडीएल शेकडा २० उतरलं, सिमवास्टॅटिन १० नं २८, ॲटोरवास्टॅटिन १० नं ३७ आणि रोसुवास्टॅटिन १० नं ४६. गोळी दहाचीच, पण पहिलीपेक्षा शेवटचीचं काम दुपटीहून जास्त.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण काउंटरवर लोकांचा सर्वांत जास्त गैरसमज तिथे दिसायचा. मात्रा दुप्पट केली म्हणजे परिणाम दुप्पट होत नाही. ॲटोरवास्टॅटिन १० नं ३७ टक्के, २० नं ४३, ४० नं ४८ आणि ८० नं ५१. मात्रा आठपट केली आणि पदरात पडले चौदा टक्के. दर दुपटीला सुमारे सहा टक्के, असा एक ढोबळ नियमच या धंद्यात आहे. याचा अर्थ असा की, स्टॅटिनचं निम्म्याहून अधिक काम पहिल्या छोट्या मात्रेतच होऊन जातं. म्हणून थोडं कमी पडलं की डॉक्टर दर वेळी मात्रा वाढवत नाहीत. कधी जास्त बळाचं स्टॅटिन देतात, कधी एझेटिमाइब नावाची दुसऱ्या प्रकारची गोळी जोडतात. ती आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं अडवते आणि उरलेल्यातून आणखी सुमारे पाचवा हिस्सा उतरवते.

आप्पांचा हिशोब आता कागदावर करून पाहता येतो. मूळ १३०. रोसुवास्टॅटिन २० शेकडा ५२ उतरवतं. १३०तून ५२ टक्के गेले म्हणजे उरले ६२. रिपोर्टात नेमके तेवढेच आले होते. ॲटोरवास्टॅटिन १० शेकडा ३७ उतरवतं, म्हणजे उरावेत ८२. रिपोर्टात तेही आलं होतं. माझ्या साडूंचं यकृत इतकं पुस्तकाबरहुकूम वागेल असं मला वाटलं नव्हतं. सगळ्यांचं तसं वागत नाही, चार-पाच आकडे इकडेतिकडे होतातच. मास्तरांची गोळी नकली नव्हती, वाईट नव्हती. ती तिचं काम चोख करत होती. फक्त आप्पांना हवं होतं ते काम मोठं होतं.

“पण वीस आकड्यांनी काय बिघडतं?” आप्पांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. एलडीएल साधारण ३९ अंकांनी उतरवून तसंच ठेवलं, तर दरवर्षी येऊ शकणारे झटके, पक्षाघात वगैरे मोठे प्रसंग सुमारे पाचव्या हिश्शानं कमी होतात, असं अनेक मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केल्यावर दिसलं आहे. आप्पांनी सोडलेले वीस म्हणजे त्याच्या निम्मे. ज्याला झटका कधी आलेला नाही आणि धोका मुळात थोडा आहे, त्याच्या बाबतीत एवढ्यानं फारसं बिघडणार नाही. ज्याच्या हृदयात जाळी बसली आहे, त्याच्या बाबतीत तो दहावा हिस्सा मोठाच असतो. आणि तो दुखत नाही, कळत नाही. ८२ असताना आप्पांना जितकं बरं वाटत होतं, तितकंच ६२ असताना वाटत होतं.

कोणत्या स्टॅटिनच्या जागी कोणतं चालेल, हे ढोबळ मानानं असं: रोसुवास्टॅटिन २०ची बरोबरी करायला ॲटोरवास्टॅटिन ८० लागेल. रोसुवास्टॅटिन १०च्या जवळपास ॲटोरवास्टॅटिन २० ते ४०. मास्तरांची ॲटोरवास्टॅटिन १० साधारण सिमवास्टॅटिन २० ते ४०च्या तोलाची. हे मी एवढ्यासाठी लिहितो की डॉक्टरांनी गोळी बदलली तर ती कमी केली की वाढवली हे वाचकाला ओळखता यावं. स्वतः अदलाबदल करण्यासाठी नव्हे, कारण बळाखेरीज आणखीही काही गोष्टी मध्ये येतात. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर रोसुवास्टॅटिनची मात्रा कमी ठेवावी लागते, ॲटोरवास्टॅटिनला ते बंधन नाही. आणि आशियाई माणसांच्या रक्तात, त्यात आपण भारतीयही आलो, रोसुवास्टॅटिनची पातळी गोऱ्या माणसांच्या साधारण दुप्पट जाते असं दिसलं आहे. म्हणून अमेरिकेतल्या माहितीपत्रकातही आशियाई रुग्णांची सुरुवात ५ मिलिग्रॅमनं करायला सांगितलं आहे. परदेशातल्या मुलानं इंटरनेटवर वाचून बाबांना ४० घ्यायला सांगितलं, अशी उदाहरणं मी पाहिली आहेत. तसं करू नये.

एव्हाना आमच्या घरातून माझ्या पत्नीनं लालबागला फोन लावला होता आणि अक्का, म्हणजे आप्पांची पत्नी, फोनवर होती. तिची तक्रार निराळीच. “भाऊजी, हे गोळी सकाळी घेतात. मी म्हणते रात्री घ्या. आमच्या जुन्या डॉक्टरांनी आईला रात्रीच घ्यायला सांगितली होती ना?”

अक्काचं खरं होतं आणि आप्पाही चुकत नव्हते. यकृताचा कोलेस्टेरॉल बनवायचा कारखाना रात्री जोरात चालतो आणि दिवसा मंदावतो. तोही तिसऱ्या पाळीचाच कामगार. जुनी स्टॅटिनं, म्हणजे लोवास्टॅटिन, सिमवास्टॅटिन, प्रवास्टॅटिन, रक्तात फार वेळ टिकत नाहीत. दोन-तीन तासांत निम्मी संपतात. सकाळी घेतली तर रात्री कारखाना भरात येतो तेव्हा अडवायला कोणी उरलेलं नसतं. म्हणून ती रात्री घ्यायची, आणि लोवास्टॅटिन तर रात्रीच्या जेवणाबरोबर, कारण पोटात अन्न असलं की ते जास्त शोषलं जातं. अक्काच्या आईंना सिमवास्टॅटिन होतं. मला आठवतं, कारण ते मीच दुकानातून पाठवत असे.

ॲटोरवास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिनची गोष्ट निराळी आहे. ॲटोरवास्टॅटिन रक्तातून निम्मं व्हायला सुमारे चौदा तास लागतात, आणि यकृतात त्याच्यापासून बनणारे पदार्थही तेच काम करत राहतात, त्यामुळे त्याचा अंमल वीस ते तीस तास टिकतो. रोसुवास्टॅटिन निम्मं व्हायला सुमारे एकोणीस तास. दिवसातून एकदा केव्हाही घ्या, पुढच्या गोळीपर्यंत पहारा उठत नाही. तेव्हा प्रश्न घड्याळाचा उरत नाही, आठवणीचा उरतो. ज्या वेळी गोळी चुकत नाही ती वेळ चांगली. आप्पा सकाळी दात घासून झाले की रक्तदाबाची गोळी घेतात, ती ते कधीच विसरत नाहीत. तिच्याबरोबर ही ठेवली तर उत्तम. मी स्वतः ॲटोरवास्टॅटिन २० घेतो आणि रात्रीच्या बातम्यांबरोबर घेतो, कारण बातम्या मी चुकवत नाही. एखाद्या दिवशी राहिलीच तर आठवेल तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवसाची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत.

आप्पांच्या बाबतीत सकाळ बरी म्हणायला आणखी एक कारण निघालं. रात्री जेवणानंतर त्यांना जळजळ होते आणि ते पित्तावरचं पातळ औषध दोन चमचे घेतात. या औषधांत बहुतेक वेळा ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते रोसुवास्टॅटिनबरोबर एकाच वेळी पोटात गेले तर रोसुवास्टॅटिन जवळजवळ निम्मंच रक्तात पोचतं. वीसची गोळी घेऊन दहाचा फायदा. दोघांत दोन तासांचं अंतर हवं, आधी गोळी, मग पित्ताचं औषध. मुंबईत पित्ताचं औषध नसलेलं घर सापडणं कठीण, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

त्याच बोलण्यात मी आप्पांना पपनसाचंही विचारलं. त्यांच्याकडे गणपतीत गावाहून पपनसं येतात. ग्रेपफ्रूट नावाचं परदेशी फळ पपनसाच्याच वंशातलं. त्यातली काही द्रव्यं सिमवास्टॅटिन आणि लोवास्टॅटिनची आतड्यात होणारी मोडतोड थांबवतात, त्यामुळे रक्तातली पातळी फार वाढते आणि स्नायूंना इजा होऊ शकते. ॲटोरवास्टॅटिनची पातळीही वाढते, पण त्यांच्याइतकी नाही. रोसुवास्टॅटिनची जवळजवळ नाहीच. पपनसातही तशीच द्रव्यं असतात. प्रसादाच्या दोन फोडींनी कोणाचं काही बिघडत नाही, पण सिमवास्टॅटिन घेणाऱ्यानं रोज पपनस सोलून बसू नये. आप्पांचं रोसुवास्टॅटिन, त्यांना मोकळीक दिली.

आता पैशांकडे येतो, कारण मूळ दुखणं तेच होतं. आप्पांना मी दोष देऊ शकत नाही. पेन्शन नाही, मुलांवर भार नको, आणि ही गोळी दोन महिन्यांची नाही, जन्माची.

आधी बिल पाहिलं. पंधरा गोळ्यांची स्ट्रिप, आणि मास्तरांची दहा गोळ्यांची. आप्पा दोन स्ट्रिपांच्या किमती समोरासमोर ठेवून तुलना करत होते. हा सापळा जुना आहे. काही कंपन्या दहाची, काही पंधराची, काही तीसची स्ट्रिप काढतात. किंमत नेहमी गोळ्यांच्या संख्येनं भागावी आणि एका गोळीचा भाव काढावा. आप्पांची गोळी एकीला पंचवीस रुपयांच्या आसपास पडत होती. वर्षाचे झाले नऊ हजारांवर. मास्तरांची पाचच्या आसपास.

लोकांना वाटतं, महागडी ती अस्सल आणि स्वस्त ती जेनेरिक. आपल्या देशात स्टॅटिनच्या बाबतीत हे खरं नाही, आणि त्यामागे एक कायदा आहे. १९७०च्या पेटंट कायद्यानं आपल्याकडे औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नसे, फक्त तो बनवण्याच्या कृतीवर मिळे. दुसऱ्या कृतीनं तोच पदार्थ बनवायला कोणालाही मोकळीक होती. हे १ जानेवारी २००५ला बदललं. तोवर ॲटोरवास्टॅटिन भारतीय कंपन्यांनी कधीच बनवायला घेतलं होतं. अमेरिकेत त्याची जेनेरिक गोळी यायला २०११चा नोव्हेंबर उजाडावा लागला, आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून ढीगभर नावांनी ते विकलं जात होतं. म्हणजे दादरच्या दुकानातली चकचकीत नावाची महाग गोळीसुद्धा मूळ संशोधक कंपनीची नसते. तीही जेनेरिकच, फक्त नाव घातलेली. भावातला फरक बराचसा नावाचा, डॉक्टरांकडे जाणाऱ्या प्रतिनिधींचा आणि मधल्या हातांचा असतो. काउंटरमागे उभं राहून मी हे रोज पाहिलं आहे.

ॲटोरवास्टॅटिन सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. अशा औषधाची कमाल किंमत सरकार ठरवतं. बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या सगळ्या नावांच्या भावांची सरासरी काढायची आणि तिच्यावर दुकानदाराचे सोळा टक्के चढवायचे. त्यामुळे ॲटोरवास्टॅटिन कोणत्याही दुकानात एका मर्यादेवर जात नाही. खरा मोठा फरक पडतो तो जन औषधी केंद्रांत. २००८ साली सुरू झालेल्या या दुकानांत गोळी नुसत्या औषधाच्या नावानं मिळते. आप्पांच्या रोसुवास्टॅटिन २०चा हिशोबापुरता चार रुपये भाव धरला, तरी वर्षाचे दीड हजाराच्या आत बसतात. भाव बदलतात, तेव्हा आकडा पाठ करू नये, भागाकार पाठ करावा.

म्हणजे आप्पांना वाचवायचे होते त्याहून जास्त पैसे वाचवता आले असते, आणि तेही औषध न बदलता. त्यांनी औषध बदललं, बदलायचं होतं ते नाव.

इथे कायद्याचा एक काटा आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर एखादं व्यापारी नाव लिहिलं असेल, तर दुकानदारानं आपल्या मनानं त्याच औषधाचं दुसरं नाव द्यायचं नाही, असा औषधांच्या नियमांत नियम आहे. मीही कित्येकांना नकार दिला आहे आणि शिव्या खाल्ल्या आहेत. त्यावर उपाय एकच, डॉक्टरांनाच औषधाचं मूळ नाव आणि मात्रा मोठ्या अक्षरांत लिहून द्यायची विनंती करायची. आप्पांना विचारायला भीड वाटत होती. “डॉक्टरांना काय वाटेल, ह्याला परवडत नाही?” मी म्हटलं, “मग खरंच सांगा, परवडत नाही म्हणून. तीन महिने गुपचूप दुसरी गोळी घेतलीत हे सांगण्यापेक्षा ते सोपं आहे.” दोन्ही सांगावं लागणार होतं, ते त्यांनाही कळत होतं.

स्वस्त गोळीत दम असतो का, हा प्रश्न मला हजार वेळा विचारला गेला आहे. बाकीच्या औषधांबद्दल उत्तर देणं अवघड असतं. स्टॅटिनबद्दल सोपं आहे, कारण त्याची परीक्षा तुमच्याच रक्तात घेता येते. नाव बदलण्याआधीचा रिपोर्ट हाताशी ठेवा. नवी गोळी रोज, न चुकता, सहा ते आठ आठवडे घ्या. मग त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासा. स्टॅटिनचा पूर्ण परिणाम महिन्याभरात दिसतोच. आकडा पूर्वीच्या आसपास आला की गोळी खरी. पाच-सात अंकांचा चढउतार कोणतीही गोळी न बदलताही होतो, त्यानं घाबरू नये. पण ६२चे थेट ९०-१०० झाले, आणि गोळी चुकलेली नाही, पित्ताचं औषध बरोबर गेलेलं नाही, तर डॉक्टरांना सांगून दुसऱ्या कंपनीची घ्यावी.

नावांच्या या जंगलात स्वस्ताईपेक्षा मोठा धोका दुसराच असतो, आणि तो आमच्याच मजल्यावर घडला. शेजारच्या वहिनी एकदा म्हणाल्या, यांना हल्ली तिसरा मजला चढताना मांड्या भरून येतात, वय झालं. भाऊंच्या गोळ्या पाहिल्या. एका रुग्णालयातून घरी सोडताना त्यांना एक कॅप्सूल दिली होती. समोर मोठं व्यापारी नाव आणि पाठीमागे बारीक अक्षरांत तीन औषधं: ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि रोसुवास्टॅटिन. घरी मात्र जुनी ॲटोरवास्टॅटिन २० चालूच होती. ती बंद करा, असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. दोन वेगळी नावं, दोन वेगळे रंग, पण दोन्ही स्टॅटिन. तीन महिने दुहेरी मात्रा. त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी जुनी गोळी बंद केली, स्नायूंची झीज दाखवणारी सीकेची रक्ततपासणी केली, ती थोडी वाढलेली निघाली. महिन्याभरात मांड्या मोकळ्या झाल्या. अशा दुखण्याबरोबर लघवी चहासारखी काळपट होऊ लागली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

याच कॅप्सूलचा उलटा धोकाही आहे, आणि आप्पांचं नशीब म्हणालो ते यामुळे. आप्पांना स्टॅटिन वेगळं होतं. त्यांना भाऊंसारखी तीन औषधांची कॅप्सूल असती आणि ती ‘कोलेस्टेरॉलची महाग गोळी’ म्हणून त्यांनी बंद केली असती, तर तिच्याबरोबर रक्त पातळ ठेवणारी दोन्ही औषधं बंद झाली असती. नव्या स्टेंटमध्ये गुठळी धरायला तेवढं पुरतं. कोणतीही स्ट्रिप बंद करण्याआधी ती उलटी करावी आणि पाठीमागची सगळी नावं वाचावीत. अक्षर बारीक असतं. भिंग घ्यावं, नातवाला बोलवावं.

पुढच्या आठवड्यात आप्पा डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टर रागावले नाहीत, असं आप्पा म्हणाले. थोडे रागावले, असं अक्का म्हणाली. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत रोसुवास्टॅटिन २० लिहून मिळालं. केंद्रात वीसची शिल्लक नव्हती, दहाची होती. आप्पांनी तिथूनच फोन केला. म्हटलं, त्याच औषधाच्या दहाच्या दोन म्हणजे वीसच, फक्त दोन्ही एकदम घ्या आणि तसं डॉक्टरांच्या कानावर घाला. सात आठवड्यांनी रिपोर्ट आला, एलडीएल ६४. पंचावन्नच्या खाली न्यायला एझेटिमाइब जोडायचं का, हे डॉक्टर पुढच्या खेपेला ठरवणार आहेत.

रिपोर्ट दाखवायला आप्पा आले तेव्हा बरोबर मास्तर होते. जिना चढून दमले होते. पाणी पिऊन त्यांनी खिशातून आपली स्ट्रिप काढली, उलटी केली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “भाऊ, माझी दहाचीच आहे. पण माझा मूळचा आकडा किती होता, तो कागदच सापडत नाहीये.”